शेंगा चटणीच्या पाकिटावरची अक्षरं: डिझायनरला नेमकं काय सांगितलं

आमची शेंगा चटणी आजवर साध्या पारदर्शक पिशवीत, वर कागदी चिठ्ठी लावून जायची. सोलापूरबाहेरच्या दुकानांसाठी छापील पाकीट करायचं ठरलं, तेव्हा मी नवी पेठेतल्या एका डिझायनर मुलीकडे गेले. अक्षरं ठसठशीत हवीत, नाव एका ओळीत बसावं आणि बघताना घरगुती वाटावं, असं तिला सांगितलं.

तिने आधी विचारलं, "काकू, ठसठशीत म्हणजे जाड की रुंद?"

या दोन गोष्टी वेगळ्या असतात. रेघ जाड असूनही अक्षर अरुंद असू शकतं, आणि जागा कमी असली की तेच उपयोगी पडतं. अशा मुळातच अरुंद घडवलेल्या अक्षराला कंडेन्स्ड म्हणतात. तिने गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळणारा 'खंड' दाखवला. शेजारी तेच नाव एका साध्या फॉन्टमध्ये टाइप करून आडवं दाबून दाखवलं. दाबलेल्या नमुन्यात काने बारीक झाले होते, पण शिरोरेघ होती तेवढीच जाड राहिली होती. 'खंड'मध्ये मात्र दोन्ही रेघांचा मेळ टिकून होता. छापखान्यातून नमुना आला की मी आता आधी शिरोरेघ आणि काना यांची जाडी ताडून बघते. काना विनाकारण बारीक दिसला, तर कुणीतरी अक्षर दाबून बसवलं आहे असं समजावं.

कंडेन्स्डलाही मर्यादा आहे आणि ती आमच्याच नावात होती. 'चटणी'तला ट कितीही अरुंद केला तरी वाचता येतो, कारण त्याच्या पोटात मोकळी जागा असते. पण 'णी'मध्ये ण च्या तीन आणि वेलांटीची एक अशा चार उभ्या रेघा शेजारीशेजारी येतात. 'गा'मध्येही दोन काने लागून आहेत. पाकीट पुढून १४ सेंटिमीटर रुंद. त्यात 'सोलापुरी शेंगा चटणी' एका ओळीत बसवल्यावर 'णी' लाकडी कुंपणासारखी दिसू लागली. शेवटी 'सोलापुरी' वरच्या ओळीत लहान घेतलं. खालचे दोन शब्द थोडेसेच अरुंद ठेवता आले आणि णी मोकळी झाली. आणखी अरुंद फॉन्ट शोधत बसण्यापेक्षा ओळ तोडणं मला कधीही बरं वाटतं.

घरगुती म्हणजे काय, हे बोलताना तिने 'राउंडेड' शब्द काढला आणि लगेच विचारलं, "टोकं गोल हवीत की पोट गोल?" राउंडेड म्हटलं की डिझायनर रेघेची टोकं आणि कोपरे गोल करतो. व, ट यांची वळणं भरदार हवी असतील तर ते वेगळं सांगावं लागतं. गोल टोकांचं जाड अक्षर मला लहान मुलांच्या खाऊसारखं वाटलं. तिखट चटणीवर ते नको होतं.

मला हवा होता तो हाताचा स्पर्श, आणि त्यासाठी ह्युमनिस्ट हा शब्द कामी आला. या अक्षरांची ठेवण लेखणीच्या चालीवर बेतलेली असते. वळणं कंपासने काढल्यासारखी नसतात, रेघ वळताना किंचित बदलते आणि अक्षराची तोंडं उघडी राहतात. 'हिंद' या फॉन्टची ठेवण अशी आहे, तरी त्याच्या रेघा जवळजवळ एकसारख्या जाडीच्या दिसतात. म्हणजे ह्युमनिस्ट मागितलं की जाड-बारीक फरक ठळक मिळेलच असं नाही.

तो फरक ठळक हवा असेल तर हाय-कॉन्ट्रास्ट म्हणायचं. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं, म्हणून हात वळला की रेघ जाड-बारीक होते. 'रोझा वन'मध्ये हा फरक टोकाला नेला आहे. मोठ्या आकारात तो फार देखणा दिसतो आणि मला मोह झाला होता. पण आमचं पाकीट मरून रंगाचं, अक्षरं पांढरी. छापताना मरून शाई थोडी पसरते आणि पांढऱ्या बारीक रेघा गिळते. खऱ्या आकारात प्रिंट काढून हात लांब करून धरला, तर 'शें'वरची मात्रा आणि अनुस्वार नीट दिसेनात. इथे एक काळजी घ्यावी: नुसतं "कॉन्ट्रास्ट वाढव" म्हटलं की समोरचा रंग गडद करतो. आम्ही "रेघेतला जाड-बारीक फरक" असंच म्हणायचं ठरवलं.

शेवटी कागदावर लिहून दिलं ते असं: "मुख्य नाव जाड, रुंदी नेहमीपेक्षा थोडी कमी, आडवं दाबलेलं नको. ठेवण ह्युमनिस्ट, टोकं कापलेली. जाड-बारीक फरक मध्यम, सगळ्यांत बारीक रेघ मरून रंगावर पांढऱ्यात तपासावी. 'णी' आणि 'गा' यांच्या रेघांमध्ये मोकळी जागा दिसावी."

मागच्या बाजूच्या घटकपदार्थांसाठी वेगळी ओळ जोडली: साधी जाडी, साधी रुंदी, जाड-बारीक फरक जवळजवळ नाही, आणि पांढऱ्या पट्ट्यावर काळी अक्षरं.