कधी दिसला, कुठं दिसला, कुणीकडं गेला

लक्ष्मीपूजनाच्या रात्री सुतळी बॉम्बच्या आवाजानं मागच्या गल्लीतल्या काकूंचा मोती पट्ट्यातून मान सोडवून पळाला. आम्ही छत्रपती संभाजीनगरला, सिडको एन-7 मध्ये राहतो. दुसऱ्या दिवसापासून काकूंना फोन यायला लागले. 'मोतीसारखा कुत्रा दिसला', 'बसस्टँडकडं होता बहुतेक'. तांबूस गावठी कुत्री इथं चौकाचौकात आहेत. प्रत्येक फोनला काका स्कूटर काढून जायचे आणि पडेल चेहऱ्यानं परत यायचे. त्यांचं ते थकणं बघवत नव्हतं.

मग एका पहाटे दूध आणायला जाताना पाण्याच्या टाकीच्या कंपाउंडपाशी मला एक तांबूस कुत्रा दिसला. काकूंना लगेच फोन लावावा असं वाटलं, पण आधी कान बघितले. नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्यांचा एक कान खुणेसाठी थोडा कापलेला असतो. आमच्या भागातल्या बऱ्याच कुत्र्यांना ती खूण आहे, याचे दोन्ही कान अखंड होते. एवढ्यानं तो पाळलेला ठरत नाही. पण काकूंनी सांगितलेला पांढरा पंजाही होता, पुढचा उजवा. मागच्या एका पायानं तो किंचित लंगडत होता.

मी हाक मारली नाही, जवळही गेले नाही. घाबरलेलं कुत्रं अनोळखी माणसाच्या हाकेनं आणखी लांब पळतं, आणि मग दिसलेली जागाही हातची जाते. लांबूनच मोबाईलवर फोटो काढला आणि तो नजरेआड होईपर्यंत उभी राहिले.

काकूंना सांगितलं, "सहाला पाच कमी होते. टाकीच्या मागच्या गेटपाशी होता, तिथून भिंतीच्या कडेनं नाल्याकडं गेला. फोटो पाठवलाय, पंजा बघा."

काकूंनी विचारलं, "पळायलाता का निवांत चालायलाता?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. पळणारं कुत्रं तासाभरात कुठल्या कुठं जातं. हा हुंगत, थांबत चालला होता, म्हणजे जवळपासच कुठंतरी दडून राहत असणार आणि शांत वेळ बघून खायला बाहेर येत असणार.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत काका-काकू दोघंच तिथं गेले. गल्लीतली पोरं यायला निघाली होती, काकूंनी त्यांना थांबवलं. मटणाच्या रश्शात कुस्करलेली भाकरी खाली ठेवून काकू जमिनीवर बसल्या, त्याच्याकडं पाठ अर्धी वळवून. तो भिंतीमागून आला, लांबूनच वास घेत उभा राहिला, परत मागं गेला. काकू हलल्या नाहीत. बऱ्याच वेळानं पोट जमिनीला घासत आला आणि त्यांचा पदर हुंगायला लागला. तेव्हा कुठं काकांनी दोरी अडकवली.

लंगडण्याचं कारण पंजात रुतलेली काच होती. डॉक्टरांनी ती काढली आणि भटक्या कुत्र्यांनी कुठं चावा घेतलाय का, म्हणून केस बाजूला करून सगळं अंग तपासलं. तोवर काकूंनी दवाखान्यातूनच सगळ्यांना मोती सापडल्याचं कळवायला सुरुवात केली होती, कारण दोन पोरं अजून बसस्टँडकडं त्याला शोधत फिरत होती.