रिव्ह्यू भाषांतर लॉग: तीन स्टारचा हेडफोन रिव्ह्यू, आणि तो तीन स्टारचाच ठेवायची खटपट

या वेळी मुद्दाम मधला रिव्ह्यू घेतला. पाच स्टारवाले आणि एक स्टारवाले तसे सोपे, तिथे थोडं इकडेतिकडे झालं तरी वाचणाऱ्याला कळतं माणूस खूश आहे की भडकलाय, पण तीन स्टारवाल्यात एखादा शब्द सरकला की रिव्ह्यू सरळ दोनवर नाहीतर चारवर जातो.

मूळ इंग्रजी, ब्लूटूथ हेडफोनबद्दल, आणि अगदी छोटा. त्यातला मजकूर असा: तसे वाईट नाहीत. बॉक्सवर ३० तास लिहिलंय, नॉइज कॅन्सलिंग चालू ठेवून साधारण २२ मिळतात. बेस 'अ बिट मच'. आठ महिन्यांनी कानाच्या पॅडचं आवरण सोलायला लागलं, 'विच इज अ जोक'. ब्लूटूथ मधेच तुटतं ते लॅपटॉपमुळे असेल असं लिहिणाऱ्याला वाटतं. फुल प्राइसला परत घेणार नाही, पण पस्तावाही नाही. बस एवढंच.

माझी पद्धत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पहिला ड्राफ्ट मी न थांबता कानाला येईल तसा लिहून टाकते आणि मग मूळ शेजारी ठेवून काय सरकलं ते शोधते. शोधताना प्रत्येक दाव्याला तीनच प्रश्न, कोण म्हणतंय, किती म्हणतंय, किती खात्रीने म्हणतंय.

बॅटरीच्या वाक्यावरच सगळ्यात जास्त वेळ गेला. ड्राफ्टमध्ये आलं होतं "बॉक्सवर ३० तास म्हणे, पण मिळतात फक्त २२". वाचायला झकास, एकदम मराठी, आणि तरी चालणार नाही. 'म्हणे'मुळे कंपनीवर अविश्वास दिसतो, 'फक्त'मुळे तक्रार होते, मूळ माणसाने दोन आकडे शेजारी ठेवले आणि गप्प बसला, निष्कर्ष वाचणाऱ्यावर सोडला. शिवाय 'साधारण' गळलं, आणि नॉइज कॅन्सलिंग चालू असल्याची अट गळली, जी सगळ्यात महत्त्वाची, कारण ते चालू असलं की बॅटरी लवकर संपते आणि बॉक्सवरचा आकडा कधीकधी ते बंद ठेवून मोजलेला असतो, म्हणजे अट काढली की कंपनी खोटं बोलते असा नवाच आरोप मी माझ्या पदरचा घातला असता. फायनल: "बॉक्सवर ३० तास लिहिलंय, मला नॉइज कॅन्सलिंग चालू ठेवून २२च्या आसपास मिळतात."

'मला मिळतात' हे पण मुद्दाम आहे बरं का. मूळात लिहिणारा बाई आहे की पुरुष काहीच कळत नाही, आणि मराठीत "मी वापरतो" किंवा "मी वापरते" लिहिलं की आपण एक माहिती चिकटवली जी मूळात नाही. पूर्ण रिव्ह्यू 'मला', 'माझा अंदाज', 'घेणार नाही' यांच्यावर चालवता येतो, अशा वाक्यात लिंग कुठेच दिसत नाही, फक्त ते ओढूनताणून वाटायला नको. लांब रिव्ह्यूला हे जमेलच असं नाही, तिथे काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

बेसला "जरा जास्तच आहे" केलं आणि हे मात्र फुकटात मिळालं. 'जरा' आणि 'जास्तच' एकत्र आले की इंग्रजीतली तीच अर्धी हसणारी तक्रार येते. पण हाच 'च' बाकी ठिकाणी घातक आहे, बोलताना आपण तो कुठेही लावतो आणि दरवेळी थोडी तीव्रता चढते. ड्राफ्ट झाला की मी आता सगळे 'च' शोधून प्रत्येकाला विचारते, तू मूळात कुठे होतास? या वेळी एकटा बेसवाला टिकला.

पॅडचं वाक्य. "आठ महिन्यांत सोललं" आणि "आठ महिन्यांनी सोलायला लागलं" यात फरक आहे, पहिल्यात काम तमाम झालंय आणि 'त'मध्ये 'इतक्या लवकर' असा सूर पण आहे, दुसऱ्यात सुरुवात झालीय एवढंच. मूळात सुरुवात आहे, म्हणून दुसरं. राग पुढच्या तुकड्यात आहे आणि तो तिथेच राहायला हवा. 'जोक'साठी माझ्या यादीत "ही फसवणूक आहे" होतं ते आधी काढलं, कारण फसवणूक म्हटलं की हेतूचा आरोप झाला, मूळात फक्त वैताग आहे. "थट्टा लावलीय का" जवळचं आहे पण ते कंपनीच्या अंगावर जातं. शेवटी "याला काय अर्थ आहे", तेवढाच वैताग, कोणावर आरोप नाही.

ब्लूटूथच्या वाक्यात मूळ क्रियापद 'सस्पेक्ट'. "मला शंका आहे" केलं तर अर्धे लोक उलटं वाचतील, की लॅपटॉपचा दोष आहे याबद्दलच शंका आहे. "दोष लॅपटॉपचा असावा असा माझा अंदाज", यात 'असावा' ते काम आपोआप करतं. इथे 'आहे' लिहिलं असतं तर अंदाजाची माहिती झाली असती, आणि अशा चुका पटकन सापडत नाहीत कारण वाक्य बिलकुल खटकत नाही.

शेवटचं वाक्य क्रमासाठी जपायचं. "पस्तावा नाही, पण फुल प्राइसला परत घेणार नाही" असं फिरवलं की शब्द तेच आणि निकाल उलटा, कारण 'पण'नंतर जे येतं तेच मनात राहतं. आणि 'फुल प्राइसला' ही अट सोडली तर सरळ 'परत घेणार नाही' उरतं, म्हणजे दोन स्टार.

टेस्ट नेहमीची: मूळ न वाचलेल्यांना मराठी द्यायचं आणि स्टार ओळखायला सांगायचे. पण आता एक बदल केलाय, उत्तराची तुलना मूळ स्टारशी करत नाही, स्टार लपवून मूळ इंग्रजी वाचणाऱ्या दुसऱ्या लोकांच्या अंदाजाशी करते. कारण लोक लिहितात एक आणि स्टार देतात दुसरेच, त्याचं खापर भाषांतरावर कशाला. कच्च्या ड्राफ्टला मराठीवाल्यांनी दोन दिले, सुधारलेला वेगळ्या लोकांना दिला तर तीन, आणि इंग्रजीवाले पण तीनवर. एकजण साडेतीन म्हणाला, पण तो सगळ्यालाच अर्धा जास्त देतो हे आता माहीत झालंय.

एक गोष्ट या टेस्टमध्ये अजिबात पकडली जात नाही, ती म्हणजे दावे. नॉइज कॅन्सलिंगची अट काढूनही स्टार तीनच येऊ शकतात. म्हणून वाचणाऱ्यांना आता स्टारसोबत एक प्रश्न पण देते, "बॅटरी किती चालते आणि कशी वापरल्यावर?" उत्तरात अट आली नाही तर वाक्य परत लिहायचं.

पुढचा रिव्ह्यू एक स्टारचा, अर्धा कॅपिटल अक्षरांत ओरडलेला. देवनागरीत कॅपिटल नाही, उद्गारचिन्हं वाढवली तर ओरडण्यापेक्षा लाडात आल्यासारखं वाटतं, सध्या वाक्यं तोडून तोडून बघतेय. कोणी काही वेगळं केलं असेल तर सांगा.