आमची वाटचाल : ढोल विकता विकता ताल शिकलो

सुरुवात दुरुस्तीपासून झाली. पुण्यात गणपतीच्या आधी दोन महिने ढोलाच्या तोंडावरची फाटकी पानं आणि सैल दोऱ्या घेऊन ढोल-ताशा पथकांची मुलं यायची. मी आणि माझा भाऊ पानं बदलून द्यायचो, दोरी ओढून ढोल ताणून द्यायचो. पहिली दोन वर्षं इतकंच. मग नवे ढोल बांधायला लागलो आणि एका पथकाची ६० ढोलांची ऑर्डर मिळाली. मोठी उडी होती, लाकूड उधारीवर आणलं.

सराव सुरू होऊन आठवडा झाला आणि फोन आला, "दादा, तुमचे मागच्या रांगांतले ढोल उशिरा वाजतायत. माल परत घ्या."

ढोल उशिरा वाजतो ही तक्रार मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मागच्या दोन रांगांतले दहा ढोल टेम्पोत घालून आणले आणि एकेक वाजवून पाहिला. काठीने वाजवायचं टिपरूकडचं पान कडक, हाताने वाजवायच्या थापीची धूम भरलेली, कुठे खोट नाही. भाऊ म्हणाला, "पैसे द्यायचे नाहीत म्हणून बहाणे आहेत." मलाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. तरी संध्याकाळी नदीपात्रात सरावाला गेलो.

पाच-पाचच्या बारा रांगा होत्या, ताशे सगळ्यात पुढे. ताशांपाशी उभा राहिलो तर मागून येणारी धूम खरंच फाटलेली. एका थापेच्या जागी "धु-धूम" असं दुहेरी ऐकू यायचं. मग चालत शेवटच्या रांगेत गेलो. तिथली मुलं मात्र ताशाशी अगदी चोख होती, त्यांच्या कानाला सगळं बरोबर. दोन्हीकडची माणसं खरं बोलत होती आणि भांडतही होती.

घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. दोन रांगांत दोन मीटर धरले तर ताशापासून शेवटची रांग २४ मीटर लांब पडते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ताशाचा ठोका मागे पोचायला ०.०७ सेकंद. मागचे तो ऐकून थाप मारतात, तिचा आवाज पुढे यायला तेवढाच वेळ. ताशावाल्याच्या कानी ती थाप ०.१४ सेकंद उशिरा पडते. मिनिटाला १५० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ०.४ सेकंदाची, आणि तर्री, म्हणजे ताशाची सलग झड, चालू असताना ताशा एका मात्रेत चार काड्या टाकतो, म्हणजे काडीला ०.१ सेकंद. थाप एक काडीपेक्षाही मागे! त्यावर ताशावाला "मागचे येऊ देत" म्हणून जरा थांबतो, मागचे त्याला ऐकून आणखी थांबतात आणि दहा मिनिटांत लय बरीच खाली येते. लोक म्हणतात पोरं दमली.

दुसऱ्या दिवशी पथकप्रमुखांना म्हटलं, ताशे सहाव्या-सातव्या रांगेच्या मध्ये घ्या. त्यांना पटेना, कारण ताशा पुढे असला की शोभा दिसते. एक फेरी करून बघू म्हणाले. लांबचं अंतर निम्म्यावर आलं आणि ती फाटलेली थाप पुष्कळशी जुळली. उरलेला फरक कानाने नाही, डोळ्याने काढायचा. टोकाच्या रांगांनी ताशा ऐकून थाप मारायची नाही, मधल्या रांगेतल्याचा वर उठलेला हात बघून मारायची.

तेव्हापासून ढोल द्यायला गेलो की आम्ही आठ मात्रांचा साधा ठेका वाजवून घेतो. थापी एक आणि पाचवर, टिपरू तीन, सात आणि आठवर. आठवरचं टिपरू पुढच्या समेला ओढून नेतं, म्हणून रांग कुठे सुटते ते तिथेच कळतं. हात, म्हणजे वाजवायचा ठेका, बदलायचा असेल तेव्हा ताशा शेवटच्या चार मात्रा तर्री सोडून सुट्या काड्या टाकतो. तो इशारा आला की लगेच बदलायचं नसतं, आवर्तन पुरं करून नव्या एकवर बदलायचं. नवखी मुलं इशाऱ्यालाच बदलतात आणि चार मात्रा अर्धं पथक एका हातात, अर्धं दुसऱ्या हातात.

मालातही एक बदल केला. टोकाच्या रांगांच्या ढोलांचं टिपरूकडचं पान आम्ही थोडं जास्त ताणतो, कारण सैल पानाचा ठोका पसरतो आणि हात बरोबर पडूनही उशिरा वाटतो. थापीकडचं कातडं मात्र पावसात आमच्या हातात राहत नाही. ओल धरली की ते उतरतं, धूम भद्द होते, आणि प्लास्टिकचं टिपरूपान तसंच कडक राहिल्यामुळे टिपरू वर आणि थापी गायब, असा ठेका ऐकू येतो. म्हणून विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर आमचा एक माणूस कोरडे ढोल भरलेला टेम्पो घेऊन गल्लीच्या तोंडाशी थांबतो.

त्या पथकाने दहाही ढोल परत नेले. पैसे दिवाळीनंतर दिले, तो भाग वेगळा.