रिबुकिंगचा आकडा फोडून बघा

आज सलूनमध्ये स्टायलिस्टचे तिमाही रिव्ह्यू झाले. रिबुकिंगचा एकच आकडा फसवतो. समजा, 100 क्लायंटपैकी 60 परत आले. बरं वाटतं! पण जुन्या 60 पैकी 50 आले आणि नव्या 40 पैकी फक्त 10, म्हणजे गडबड पहिल्याच भेटीत आहे. परत येण्याची मुदतही सर्व्हिसप्रमाणे धरा. रूट टचअपची सहा आठवड्यांची मुदत केराटिनला लावली, तर केराटिन करणारी उगाच नापास होते.

मग त्या नव्यांचे फीडबॅक वाचा. ‘मुळांशी केस फारच उजळ झाले’ असं पुन्हापुन्हा दिसलं, तर स्किल चेक कलरचा घ्या, कटचा नाही. टाळूच्या उष्णतेने मुळांशी केस लवकर उजळतात. म्हणून कधीच रंग न लावलेल्या केसांना उजळ शेड देताना आधी मधला भाग आणि टोकं, मुळं शेवटी. हे तोंडी विचारलं की सगळ्यांनाच येतं. प्रत्यक्ष लावायला सांगा.