धुळ्याच्या पाटीला सोळा ओळी

“एबीसीडी आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकटीत मस्त बसते. मग तुमच्या गेममधल्या मराठी पाट्यांना सोळा ओळी कशाला लागतात?”

आमच्या गेमसाठी मी पिक्सेलचा मराठी फॉन्ट बनवला, तेव्हा हा प्रश्न आला. इंग्रजी कॅपिटल अक्षराला वर-खाली काही चिकटत नाही. आठातल्या सात ओळी अक्षराला दिल्या, एक मोकळी सोडली की काम झालं. शेवटचा रकानाही मोकळा ठेवायचा, म्हणजे शेजारची अक्षरं आपोआप सुटी राहतात. आपल्या अक्षराचा हिशेब वेगळा. त्याच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, अनुस्वार येतात, मध्ये शिरोरेषा असते, तिच्याखाली अक्षराचं अंग, आणि पायाशी उकार. आठ ओळींत हे सगळं कोंबायचं तर वर दोन, शिरोरेषेला एक, उकाराला दोन गेल्या. अंगाला उरल्या तीन. तीन ओळींत ‘ग’ कसाबसा ओळखू येतो. ‘क’, ‘ह’, ‘ळ’ नुसते डाग होतात.

म्हणून मी आठ बाय आठच्या दोन चौकटी एकावर एक ठेवतो. सोळा ओळींची वाटणी अशी: वरच्या चार मात्रांना, पाचवी शिरोरेषेला, पुढच्या सात अंगाला, त्याखालच्या तीन उकाराला, आणि सोळावी रिकामी, म्हणजे मजकुराच्या खालच्या ओळीतली मात्रा वरच्या उकाराला लागत नाही. जपानी लोकांनाही हीच अडचण आली होती. १९८३ साली आलेल्या फॅमिकॉम या गेमच्या यंत्रावर पाठीमागचं चित्र आठ बाय आठच्या चौकटींनीच बनायचं. जपानी ‘का’चा ‘गा’ करणाऱ्या दोन बारीक रेघा त्या चौकटीत मावेनात, म्हणून सुरुवातीच्या कितीतरी गेममध्ये त्या वरच्या चौकटीत ठेवलेल्या दिसतात. ते बघूनच मला मात्रांसाठी वर आणखी एक चौकट घ्यायची हिंमत झाली.

आता खरी गोष्ट सांगतो, ती एका पाटीची आहे. आमच्या गेममध्ये खेळणारा एसटी चालवतो. जळगावहून निघायचं, एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचायचं. गाडीच्या कपाळावर गावाची पाटी. पडद्याचं माप ३२०×१८० पिक्सेल, म्हणजे पाटी वाचता आली नाही तर खेळणाऱ्याला कुठं चाललोय तेच कळणार नाही. आमचे नाना एसटीत कंडक्टर होते. अशा पाट्या त्यांनी आयुष्यभर बघितल्या. पहिली पाटी तयार झाल्यावर मी त्यांना लॅपटॉपसमोर बसवलं. त्यांनी चष्मा सारखा केला, थोडं मागं सरकले आणि म्हणाले, “हाई काय लिखेल शे रे भाऊ? घुळे?”

ते शब्द ऐकल्यावर मी ‘ध’ मोठा करून उघडला. खाली डावीकडे माझा पहिला ‘ध’ आहे आणि उजवीकडे आता गेममध्ये आहे तो. दोन्हींत फक्त पाचव्या ते बाराव्या ओळी दाखवल्यात. भरलेला पिक्सेल म्हणजे #, रिकामा म्हणजे टिंब.

```
.##.####    .....###
#.#...#.    .##...#.
#.....#.    #.....#.
.##...#.    .##...#.
#.....#.    #.....#.
#.....#.    #.....#.
.######.    .######.
......#.    ......#.
```

पहिल्यात मी कागदावरच्या ‘ध’शी इमान राखायला गेलो. डोक्यावरची गाठ काढली आणि तिच्या नि शिरोरेषेच्या मध्ये एक पिक्सेल सोडला. मोठं करून बघितलं तर तो ‘ध’च आहे. पण त्या वरच्या ओळीत आठातले सहा पिक्सेल भरलेले आहेत. ‘घ’मध्ये आठच्या आठ भरतात. सहा आणि आठ यांतला फरक लांबून डोळ्याला कळत नाही. तो ती फट बुजवून टाकतो आणि सलग रेघ वाचतो. गाठीचा वरचा भाग शिरोरेषेच्याच पातळीवर आला होता, म्हणून तो रेघेचा तुकडा वाटत होता.

दुसऱ्यात गाठ मी काढून टाकली. ‘ध’ला ‘ध’ बनवते ती उघडी जागा. गाठ गेली तरी चालते. आता वरच्या ओळीत तीनच पिक्सेल आहेत, दांड्यापुरते. डावीकडचे पाच रिकामे. डावं अंग एक ओळ खालून सुरू होतं. आधी दुसरं अक्षर आलं, जसं ‘आधी’मध्ये, तरी त्याची शिरोरेषा येऊन तुटते आणि पाच घरांनंतर पुन्हा सुरू होते. हे तुटणं लांबूनही दिसतं. ‘भ’ आणि ‘म’चंही नेमकं असंच. पारोळ्याच्या अलीकडे रस्त्यावर एक खानावळ काढली आहे, तिच्या फळ्यावर ‘भरीत’ लिहिलंय. सुरुवातीला ते ‘मरीत’ दिसायचं. तिथंही शिरोरेषा तोडून मोकळी जागा वाढवली.

नवा फॉन्ट तपासायला अख्खी वर्णमाला मांडून उपयोग होत नाही, कारण ‘घ’नंतर ‘ङ’ येणार हे आपल्याला पाठ असतं आणि डोळा न बघताच पुढं जातो. मी जोड्या लिहितो: घर-धर, घन-धन, भात-मात. मग ज्याने फॉन्ट केला नाही अशा माणसाला वाचायला देतो, तेही क्रम बदलून.

‘धुळे’ हा शब्द तपासणीला सोन्यासारखा आहे. दोनच अक्षरं, पण तुटकी शिरोरेषा आहे, उकार आहे, मात्रा आहे आणि ‘ळ’ आहे. ‘ळ’ची दोन पोटं असतात. पोट एका पिक्सेलचं ठेवलं तर जुन्या टीव्हीवर किंवा थोडा जरी धुरकट पडदा असला तरी ते भरून जातं. म्हणून प्रत्येक पोट दोन पिक्सेल रुंद, आणि भिंती तीन: डावी, मधली, उजवी. दोन नि दोन चार, अधिक तीन, सात रकाने झाले. आठव्यात फक्त शिरोरेषा जाते, ती पुढच्या अक्षराला जोडायला. इंग्रजीत अक्षरांमध्ये जागा सोडायची असते, आपल्याकडे ती सोडली की शब्द फुटतो.

मात्रेची जागाही ‘ळे’नेच शिकवली. मी सगळ्या अक्षरांना मात्रा सातव्या रकान्यावर देत होतो, कारण ‘प’, ‘म’, ‘ध’ यांचा दांडा तिथं आहे. ‘ळ’ला दांडा नाही, तो मधल्या भिंतीवर, म्हणजे चौथ्या रकान्यावर टांगलेला असतो. सातव्यावर दिलेली मात्रा पुढच्या अक्षराची वाटायची. आता प्रत्येक अक्षरासोबत एक आकडा ठेवला आहे: मात्रा कुठल्या रकान्यावर बसवायची तो. एवढ्याने काम भागतं. एरंडोलच्या अनुस्वाराला मात्र एक पिक्सेल पुरला नाही, पडद्यावर कचरा पडल्यासारखा दिसायचा. तो दोन बाय दोनचा केला आणि त्याच्या नि शिरोरेषेच्या मध्ये एक ओळ रिकामी ठेवली.

इतकं करूनही शेजारच्या मुलाच्या लॅपटॉपवर पाटी खराब दिसली. काही अक्षरांची शिरोरेषा जाड, काहींची बारीक, आणि गाडी चालताना ती जाडी बदलायची. त्याचा पडदा १३६६×७६८ चा. आमच्या १८० ओळी ७६८ वर ताणल्या तर प्रत्येक ओळीला चार पिक्सेल देऊन ४८ उरतात. ते ४८ पिक्सेल कुठल्यातरी ४८ ओळींना जास्तीचे मिळतात, त्या पाच पिक्सेल जाड होतात. शिरोरेषा अशा ओळीवर आली की जाड, शेजारच्या ओळीवर आली की बारीक. कडा मऊ करणारा फिल्टर लावला तर जाडी सारखी दिसते, पण कडेचे पिक्सेल करडे होतात आणि ‘ध’ची कष्टाने सोडलेली जागा पुन्हा मळते.

उपाय एकच, पूर्ण पट. चार पट केलं की चित्र १२८०×७२० होतं. डावी-उजवीकडे ४३-४३ आणि वर-खाली २४-२४ पिक्सेलची काळी पट्टी राहते. ती राहू द्यावी. १९२०×१०८० च्या पडद्यावर बरोबर सहा पट बसतं, तिथं पट्टीही येत नाही. गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी टेक्स्चरचा फिल्टर `Nearest` आणि `stretch/scale_mode` हा `integer` ठेवायचा.

दुसरी चूक जागेची असते. ‘पारोळा’ची रुंदी माझ्या फॉन्टमध्ये समजा ४१ पिक्सेल आली. ३२० मध्ये मधोमध बसवायला गेलं तर डावीकडे १३९.५ सुटतात, आणि अर्धा पिक्सेल तर पडद्यावर नसतोच. मग संपूर्ण शब्द अर्ध्या घराने सरकून दोन-दोन घरांत पसरतो. म्हणून:

```
x = floor((320 - w) / 2)
```

चालत्या गाडीच्या पाटीलाही तेच लागू. गाडी एका फ्रेमला ०.४ पिक्सेल पुढं जात असेल तर तो दशांश हिशेबात जपून ठेवायचा, फक्त रेखाटताना पूर्ण आकडा घ्यायचा. हिशेबातच तोडला तर गाडी जागची हलणार नाही. हे बरोबर झालंय का हे बघायला मी स्क्रीनशॉट घेतो, मोठा करतो आणि शिरोरेषेची जाडी तीन ठिकाणी मोजतो. चार पट केलेल्या चित्रात तिन्हीकडे चार आले तर ठीक. कुठं तीन किंवा पाच दिसले की कुठलातरी आकडा तुटका राहिलाय.

दुरुस्त झालेली पाटी नानांना दाखवली तेव्हा त्यांनी न थांबता वाचली, “धुळे. आते बरोबर शे.” मग त्यांना वाटलं, गाडीतल्या माणसांनी अहिराणीत बोलावं. त्यांनी सांगितलेल्या वाक्यांत जागोजाग ‘ऱ्हायना’, ‘ऱ्हायनी’ आलं. त्या ‘ऱ्ह’मधली ‘र’ची अर्धी चांदकोर माझ्या फॉन्टमध्ये नव्हती. संगणकात ती सहसा साध्या ‘र’ने लिहिली जात नाही. त्यासाठी टिंबाचा ‘ऱ’, मग हलंत, मग ‘ह’ असा क्रम लागतो, आणि साध्या ‘र’ला हलंत दिला तर ‘ह’च्या डोक्यावर रफार जातो. चांदकोरीला मी तीन रकाने दिले आहेत, म्हणजे ‘ऱ्ह’ अकरा पिक्सेलचा झाला. दोन रकान्यांत ती काढून बघितली, तेव्हा ती ‘ह’ला चिकटलेला काना वाटायची. तीनमध्ये वाक बऱ्यापैकी दिसतो. फक्त ‘ह’ची डावी कड आणि चांदकोरीचं टोक एकाच ओळीवर येतं. ते टोक एक ओळ वर घेऊन बघायचं आज रात्री ठरवलं आहे, आणि उद्या नानांकडून वाचून घ्यायचं.