चंद्र दिसल्यावर

"तुमच्या शेजारचे भाई तुमच्याच ऑफिसात आहेत ना? मग त्यांना ईदला तुम्ही नेमकं काय लिहून पाठवता? आम्हाला शब्द सुचत नाहीत, चुकायची भीती वाटते."

मी असं लिहितो : "भाई, तुम्हाला, वहिनींना, अम्मांना आणि मुलांना रमजान ईदच्या मनापासून शुभेच्छा. महिनाभर रोजे ठेवून तुम्ही सगळ्यांच्या बरोबरीनं काम केलंत, ते मी रोज बघत होतो. ईद मुबारक. नमाजहून आलात की कळवा, भेटायला येतो."

एवढंच. मराठीत लिहितो, कारण आम्ही दिवसभर बोलतो ते मराठीतच. 'मुबारक' म्हणजे बरकतीचा, शुभ. तो शब्द कुणीही कुणालाही म्हणावा, त्यानं आपल्या धर्माला काही लागत नाही. त्यावर "खैर मुबारक" असं उत्तर आलं तर गोंधळू नका, ती तुमच्या शुभेच्छेची परतफेड आहे.

शब्दांपेक्षा माझी चूक झाली ती वेळेत. 2024 साली 10 एप्रिलला सकाळी आखातातल्या एका मित्राचे ईदचे फोटो मोबाईलवर आले आणि मी लगेच भाईंना "ईद मुबारक" पाठवून मोकळा झालो. थोड्या वेळानं उत्तर आलं, "शुक्रिया भाऊ. आज आमचा तिसावा रोजा आहे, ईद उद्या." ते पहाटे सहरी करून उठलेले, दिवसभर पाण्याचा थेंब न घेता राहणार, आणि मी सण झाल्यासारखं लिहून बसलो होतो. त्यांनी मनाला लावून घेतलं नाही, मला मात्र लागलं.

तेव्हा नीट समजून घेतलं. रमजानचा महिना 29 किंवा 30 दिवसांचा. एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद, नाही दिसला तर तीस रोजे पूर्ण करायचे. त्या वर्षी आखातात रमजान आपल्याआधी एक दिवस लागला होता, म्हणून तिथली ईदही आधी आली. आपल्याला हे कळायला सोपं आहे, कारण चंद्र तोच आहे. अमावस्येनंतरची पहिली कोर, म्हणजे आपली प्रतिपदा-द्वितीया. 2025 साली 30 मार्चला आमच्या दारात गुढी होती, त्याच संध्याकाळी कोर दिसली आणि 31 ला ईद झाली. आपण अधिकमास धरतो, हिजरी वर्षात तो नसतो, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. कॅलेंडरवरची तारीख हा अंदाज असतो. आता मी संध्याकाळी वाट बघतो, चंद्र दिसल्याचं पक्कं कळलं की मगच लिहितो.

काय लिहीत नाही, तेही सांगतो. 'तकब्बलल्लाहु मिन्ना व मिनकुम' ही अरबी दुआ कुठूनतरी उचलून पाठवत नाही. तिचा अर्थ, अल्लाह आमच्याकडून आणि तुमच्याकडून कबूल करो. ज्यानं स्वतः रोजे ठेवलेत त्यानं ते म्हणणं शोभतं, मी रोजे ठेवलेले नसतात. "बिर्याणी कधी?" हे पहिलं वाक्य कधीच नको. माणूस महिनाभर उपाशी राहिलाय, आणि आपण त्याला जेवणाचं विचारतो. ऐक्य, भाईचारा वगैरे मोठे शब्दही घरच्या निरोपात घालत नाही. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या माणसाला भाषण कशाला?

भेटायला जातो ते दहानंतर. सकाळी घरची पुरुष मंडळी कोल्हापूरच्या दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंगच्या मैदानावर नमाजला गेलेली असतात. तिथून आल्यावर भाई हात पुढे करतात, मग गळाभेट. वहिनींना आणि अम्मांना मी हात जोडूनच ईद मुबारक म्हणतो. शिरखुर्म्याची वाटी समोर येते, दुधात शिजलेल्या शेवया, खारीक, चारोळी. अम्मा उभ्या राहून बघतात, म्हणून संपवूनच उठायचं.

बकरी ईदचा निरोप वेगळा. तिथे रोज्यांचं वाक्य चालत नाही, ती कुर्बानीची ईद. मी "ईद-उल-अजहा मुबारक, घरी सगळ्यांना सुख आणि आरोग्य लाभो" एवढं लिहितो. आपण शाकाहारी असलो तरी त्या दिवशी त्यांच्या ताटाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. 2023 साली 29 जूनला बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली. कुर्बानी तीन दिवसांत कधीही करता येते, म्हणून त्या वर्षी महाराष्ट्रात कितीतरी गावांतल्या मुस्लिमांनी एकादशीला ती केली नाही.

आणि मोहरमला शुभेच्छा देऊ नका. कोल्हापुरात हिंदूंच्या घरीही पंजे बसतात, वाद्यं वाजतात, म्हणून सणासारखं वाटतं. पण तो करबल्याच्या शहीदांचा शोक आहे. त्या दिवशी मी भाईंना नुसतं "येतो दर्शनाला" एवढंच म्हणतो.