सुपरवायझरचं पत्र आणि अकराशे रुपयांची वाढ

चाकणच्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिस आणि पगारपत्रक सांभाळते. 2024 च्या मार्चअखेर सीएनसी विभागातला एक जुना ऑपरेटर बढतीचं पत्र घेऊन माझ्या टेबलाशी आला. "मॅडम, सही करायच्या आधी हातात किती पडतील तेवढं सांगा." पत्रावर 'असिस्टंट सुपरवायझर', लागू 1 एप्रिलपासून, आणि एकूण पगार 20,400 वरून 21,500. म्हणजे वाढ अकराशेची, तीही दोन शिफ्टची जबाबदारी घेऊन.

मी त्याच्याच मागच्या स्लिपा काढल्या. त्याला महिन्याला साधारण सोळा तास ओव्हरटाइम मिळायचा. 20,400 ला 26 दिवसांनी आणि आठ तासांनी भागलं की तासाला अठ्ठ्याण्णव रुपये येतात, ओव्हरटाइम दुप्पट दराने, म्हणजे महिन्याचे जवळजवळ 3,140. पत्रात खाली बारीक अक्षरात होतं की या पदाला ओव्हरटाइम नाही. पीएफची कपात थोडी वाढणार होती, ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, पावणेदोनशेची कपात थांबणार होती. सगळं धरून त्याच्या हातात दरमहा सुमारे 1,950 रुपये कमी पडत होते. मी कॅल्क्युलेटर त्याच्याकडे फिरवला. तो काही बोलला नाही, फक्त आकडा पुन्हा एकदा करायला लावला.

खरा घाव त्या थांबलेल्या कपातीत होता. ईएसआयला पगाराची मर्यादा तेव्हा 21,000 होती. ओव्हरटाइमचे पैसे या मर्यादेत धरत नाहीत, म्हणून तो इतकी वर्षं आत राहिला होता; आता नुसत्या पगारानेच पाचशेने बाहेर जात होता. आणि त्याच्या आईचं डायलिसिस ईएसआयच्या रेफरलवर चालू होतं. अधिकाऱ्यांना कंपनीची मेडिक्लेम आहे, पण ती बायको-मुलांपुरती, आईवडील त्यात नाहीत. ज्यांनी हे पत्र काढलं त्यांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यावं असंही कोणाला वाटलं नाही, आणि याचा मला आजही राग येतो.

बढती नाकार, असं मी त्याला म्हटलं नाही. पदाचं नाव कागदावर आलं की बाहेरच्या कंपनीत त्याला किंमत असते, हे तोही जाणून होता. मी त्याला दोनच गोष्टी मागायला सांगितल्या, त्याही लेखी, आणि सहीच्या आधी.

पहिली गोष्ट तारखेची. ईएसआयचे अंशदानाचे काळ दोन: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काळ सुरू झाल्यावर पगार मर्यादेवर गेला तरी तो काळ संपेपर्यंत माणूस योजनेत राहतो. 1 एप्रिलला बढती लागू झाली असती तर अंशदान मार्चमध्येच थांबलं असतं आणि त्यावर आईचे उपचार पुढचे नऊ महिने, 31 डिसेंबरपर्यंतच, मिळाले असते. 1 मेपासून लागू केली तर अंशदान सप्टेंबरपर्यंत भरलं जातं आणि उपचार पुढच्या 30 जूनपर्यंत चालतात. एका महिन्याच्या वाढीवर पाणी सोडायचं, म्हणजे अकराशेवर, आणि सहा महिन्यांचं डायलिसिस वाचवायचं.

दुसरी ओव्हरटाइमची. सुपरवायझर झाला की ओव्हरटाइम गेला, असं मॅनेजर मंडळी सर्रास सांगतात. फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम 64 चं परंतुक तसं म्हणत नाही: पगार वेतन प्रदान कायद्याच्या मर्यादेत असेल, तेव्हा ती 24,000 होती, तर देखरेखीच्या माणसालाही कलम 59 चा दुप्पट दर मिळतो. 21,500 वाला सरळ बसतो. (21 नोव्हेंबर 2025 पासून कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हा आज हीच कलमं दाखवून चालणार नाही.)

तारीख लगेच मिळाली, कारण त्यात कंपनीची एका महिन्याची वाढ वाचत होती. ओव्हरटाइमवर एचआर साहेब म्हणाले, "एकाला दिला तर सगळे मागतील." मी परंतुकाची छापील प्रत पुढे ठेवली. ते बराच वेळ वाचत बसले आणि शेवटी ती ओळ पत्रातून काढली. पण 'ओव्हरटाइम मिळेल' असं मात्र लिहून दिलं नाही. त्याने त्यावर सही केली. मी असते तर थांबले असते, पण घर त्याचं होतं. पुढे दर महिन्याला त्याचे तास मी पंचिंगवरून काढून पाठवले आणि ते मंजूर होत राहिले.

जून 2025 मध्ये ईएसआय संपलं. आईला महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात हलवलं, ते घरापासून लांब आहे आणि डायलिसिसच्या दिवशी त्याची पहिली शिफ्ट बुडते. मेडिक्लेममध्ये आईवडील घ्या, निदान हप्ता कामगाराकडून घ्या, हा माझा अर्ज अजून वर पडून आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आणखी काही ऑपरेटरांची बढतीपत्रं निघाली, सगळी 1 एप्रिलची. आता पत्रं माझ्या टेबलावरून गेल्याशिवाय सहीला जात नाहीत, एवढं मात्र मी मान्य करून घेतलं आहे.